स्लॅकमधे रजेचा फॉर्म: अर्ज, मंजुरी आणि हिशोब एका जागी कसा आणायचा?

रोहिणी_संभाजीनगर

नमस्कार मंडळी. संभाजीनगरात आमची छोटी कंपनी आहे, वीस-बावीस माणसं, वेबसाइट आणि अ‍ॅपची कामं. पगार, अकाउंट आणि एचआर हे तिन्ही माझ्याकडंच आहे. त्रास असा की रजेचा निरोप कुठून येईल ह्याचा काही नेम नाही. कुणी सरांना स्लॅकवर पर्सनल मेसेज टाकतंय, कुणी लीडला व्हॉट्सअ‍ॅपवर, कुणी सकाळच्या मीटिंगमधे तोंडी सांगून मोकळं. महिनाअखेरीला मी बसते सगळ्यांचे मेसेज वरवर सरकवत.

मागच्या महिन्यात एका पोरानं लीडला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवसाची रजा मागितली, लीड "ओके" म्हणला, आणि माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. पगारातून दोन दिवस कापले गेले. पोरगं नाराज, लीड म्हणतोय मी तर हो म्हणलो होतो, आणि दोघांचंही खरंच आहे की.

स्लॅकचा पैसे भरून घेतलेला प्रो प्लॅन आहे आमच्याकडं, त्यात वर्कफ्लो बिल्डर आहे. फॉर्म बनवला मी: कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत, रजेचा प्रकार, कारण. फॉर्म भरला की मेसेज टीमच्या चॅनलमधे पडतो. इथपर्यंत जमलं. आता मंजूर का नामंजूर हे कसं करायचं? मेसेजला बटण लावता येतंय, ते दाबलं की पुढची पायरी चालते, पण "नाही" म्हणायचं असेल तर काय? आणि हे सगळं शीटमधे नीट कसं उतरवायचं? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

---

जालनेकर_सच्या

ताई एवढं कशाला डोकं लावायलात. आमच्याकडं फॉर्मचा मेसेज चॅनलमधे पडला की सर हिरवी टिक लावतात, नको असलं की लाल फुली, झालं काम. वर्कफ्लो इमोजीवरून पण सुरू होतो, टिक लावली की दुसरा वर्कफ्लो सुरू करायचा आणि त्यानं माणसाला "मंजूर" असा मेसेज टाकायचा. बटणाची गरजच नाही.

---

मांजराकाठ

सच्याभाऊ, इमोजीवरून वर्कफ्लो सुरू होतोय ही गोष्ट बरोबर. पण तो नवीन वर्कफ्लो असतो, पहिल्या फॉर्ममधे माणसानं काय भरलं ते त्याला माहीत नसतं. कोणत्या मेसेजवर कुणी इमोजी लावला एवढंच त्याच्या हाती येतं. मेसेज टाकणारा म्हणून पहिला वर्कफ्लो दिसतो, अर्ज करणारा माणूस नाही. म्हणजे "कुणाला कळवायचं" आणि "कोणत्या तारखा शीटमधे लिहायच्या" हे दोन्ही तिथं तुटतं. शिवाय चॅनलमधल्या कुणीही टिक लावली तरी तो सुरू होणार. शेजारी बसणाऱ्या मित्रानं गंमत म्हणून टिक लावली तर रजा मंजूर झाली का?

हाच प्रश्न रोहिणीताई तुमच्या बटणालाही आहे बघा. बटणाचा मेसेज टीमच्या चॅनलमधे टाकलाय तुम्ही, तर त्या चॅनलमधला कुणीही माणूस ते बटण दाबू शकतो, ज्यानं अर्ज केला तो स्वतःसुद्धा. म्हणून पहिली दुरुस्ती ही: बटणवाला मेसेज टीमच्या चॅनलमधून काढा. फक्त मंजुरी देणारे लोक असलेलं एक प्रायव्हेट चॅनल करा, समजा `#raja-manjuri`, त्यात सर, दोन लीड आणि तुम्ही. बटण तिथंच पडू द्या.

आता "नाही" कसं म्हणायचं. बटणावर "मंजूर" असं लिहूच नका. "निर्णय द्या" असं लिहा. बटणानंतरची पायरी म्हणून अजून एक फॉर्म जोडा, हा फॉर्म बटण दाबणाऱ्याला उघडतो. त्यात दोनच गोष्टी ठेवायच्या, एक ड्रॉपडाउन (मंजूर / नामंजूर / तारखा बदलून परत टाका) आणि एक शेरा. म्हणजे एका बटणात तिन्ही उत्तरं बसली. त्याच्यापुढची पायरी, अर्ज करणाऱ्याला पर्सनल मेसेज, त्यात त्याच्या तारखा, निर्णय, शेरा आणि कुणी निर्णय दिला त्याचं नाव. हे सगळं एकाच वर्कफ्लोमधे असल्यामुळं पहिल्या फॉर्ममधली उत्तरं शेवटपर्यंत हाताशी राहतात, मेसेज लिहिताना व्हेरिएबल म्हणून टाकायची.

---

रोहिणी_संभाजीनगर

दादा हे लय भारी झालं, ड्रॉपडाउनचं डोक्यातच नव्हतं. एक विचारते. मला वाटलं होतं फॉर्ममधेच "तुमचा लीड कोण" असा माणूस निवडायचा रकाना ठेवावा आणि मेसेज थेट त्याच लीडला जावा. चॅनलपेक्षा ते बरं नाही का? लीडला दुसऱ्या टीमच्या रजा कशाला दिसायच्या.

---

मांजराकाठ

करता येतंय, माणूस निवडायचा रकाना असतो आणि पुढं "त्या माणसाला मेसेज पाठव" अशी पायरी लावता येते. पण दोन भानगडी आहेत. एक, त्या रकान्यात माणूस कुणालाही निवडू शकतो, जो लीड कधी नाही म्हणत नाही त्यालाच सगळे निवडायला लागतात, आणि स्वतःलाही निवडता येतं. दुसरी, लीडच रजेवर असला तर मेसेज त्याच्या एकट्याच्याच डब्यात पडून राहतो आणि बाकी कुणाला पत्ताच नाही. तुमच्या पगारकपातीच्या प्रकरणात नेमकं हेच झालं ना, गोष्ट एकाच माणसाच्या फोनमधे राहिली.

वीस माणसांच्या कंपनीत चॅनलच बरं. लीडचं नाव फॉर्ममधे असू द्या, पण त्याला चॅनलमधल्या मेसेजात मेन्शन करण्यापुरतं वापरा. म्हणजे त्याला सूचना जाते, आणि तो नसला तर दुसरं कुणीतरी बटण दाबतं. कुणी दाबलं ते नाव नोंदीत राहतंच. शंभर माणसं झाली की वेगळा विचार करू.

---

वाळूज_शिफ्ट

आमच्याकडं वाळूजला ऑपरेटर लोक आहेत, तीन शिफ्ट, त्यांच्याकडं स्लॅक नाही, कंपनीचा ईमेल पण नाही. सुपरवायझरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "सर आज येणार नाही" एवढं येतं सकाळी साडेसहाला. बायोमेट्रिकमधे मग गैरहजर दिसतो आणि महिन्याला सगळं जुळवत बसावं लागतं. ह्या फॉर्मचा आम्हाला काय उपयोग होईल? एकेकाला लॉगिन घेतलं तर परवडेल का?

---

मांजराकाठ

दादा तुमचा विषय वेगळा आहे. पेड प्लॅनमधे दर माणसामागं पैसे लागतात, फक्त रजेसाठी ऑपरेटरला लॉगिन देणं काही खरं नाही. तुमच्यात सुपरवायझरकडं स्लॅक असेल तर त्यानं ऑपरेटरच्या वतीनं फॉर्म भरायचा, फॉर्ममधे "कुणाची रजा" हा साधा लिहायचा रकाना आणि टोकन नंबर. नाहीतर साधा गूगल फॉर्म, मोबाइलवर उघडतो. पण बायोमेट्रिकशी जुळवणी ह्यातून होणार नाही, त्याला त्या मशीनच्या सॉफ्टवेअरमधेच रजा टाकावी लागते.

---

वाळूज_शिफ्ट

सुपरवायझर भरेल का हाच प्रश्न आहे. बघतो विचारून.

---

मेघा_परभणी

मी दुसऱ्या बाजूनं बोलते, मी अर्ज करणारी. रोहिणीताई, तुम्ही लिहिलंय की फॉर्म भरला की मेसेज टीमच्या चॅनलमधे पडतो आणि त्यात कारण पण आहे. ते आजच्या आज बंद करा. आमच्या आधीच्या ऑफिसात असंच होतं, एकीनं डॉक्टरकडं जायचंय म्हणून लिहिलं, कोणता डॉक्टर ते पण लिहिलं कारण फॉर्ममधे कारण सक्तीचं होतं, आणि ते पंधरा जणांनी वाचलं. तिनं नंतर कायम "घरगुती काम" एवढंच लिहिलं. बायकांना तर हे फारच अवघड होतं.

माझं म्हणणं, टीमला फक्त नाव आणि तारखा कळाव्यात. प्रकारसुद्धा नको. आणि आजारपणाला मंजुरी कशाला पाहिजे? ताप आलाय, मी निर्णयाची वाट बघू का अंथरुणात?

---

रोहिणी_संभाजीनगर

बरोबर आहे मेघा, कारणाचा रकाना सक्तीचा ठेवायला नको होता, तो आता मोकळा करते आणि टीमच्या चॅनलमधला मेसेज काढूनच टाकते. आजारपणाचं सरांना विचारावं लागेल, ते म्हणतील मंजुरी नको तर कुणीही सोमवारी आजारी पडेल.

---

मांजराकाठ

मेघाताईंचा मुद्दा पक्का आहे. टीमला कळवायचा मेसेज निर्णयानंतरच गेला पाहिजे, आणि त्यात फक्त नाव आणि तारखा. पण इथं एक अडचण येते. वर्कफ्लो सरळ एका ओळीत चालतो, निर्णयाच्या फॉर्मनंतर "टीमच्या चॅनलमधे कळवा" अशी पायरी लावली तर नामंजूर झालेल्या अर्जालाही ती चालणार आणि सगळ्यांना कळणार की अमुकाची रजा नाकारली. ते तर अजूनच वाईट.

ह्याला ब्रँच लागते, म्हणजे निर्णय "मंजूर" असेल तरच ही पायरी, नाहीतर ती. पायऱ्या जोडायच्या जागी तुमच्या प्लॅनमधे ही सोय दिसते का बघा. दिसली तर वापरा. नसली तर टीमच्या चॅनलचा मेसेज वर्कफ्लोत ठेवूच नका, मंजूर झालेल्यांची यादी शीटमधे एका वेगळ्या टॅबवर काढा आणि त्या टॅबची लिंक टीमच्या चॅनलच्या वर बुकमार्क म्हणून लावून ठेवा. ज्याला बघायचंय तो बघेल. फक्त त्या टॅबचं वेगळं शीट करून शेअर करा, नाहीतर मूळ शीटमधली कारणं पण सगळ्यांना उघडी पडतील. टॅब लपवून ठेवला तरी तो काही कुलूपबंद होत नसतो.

---

जालनेकर_सच्या

इमोजीचं पटलं, फॉर्ममधली उत्तरं पुढं जात नाहीत हे खरंय, आमच्यात शीटच नाही म्हणून कधी अडलं नाही. पण शीटचं मी सांगू शकतो. फॉर्म भरला की शीटमधे एक ओळ जोडायची, स्थिती "प्रलंबित". निर्णय झाला की त्याच ओळीत "मंजूर" करायचं, ओळ बदलायची पण पायरी आहे. माणसाच्या नावावरून ओळ शोधायची.

---

मांजराकाठ

नावावरून शोधू नका सच्याभाऊ, तिथंच घोळ होतो. समजा ओंकारनं जूनमधे एक रजा घेतली आणि आता ऑगस्टमधे दुसरी मागितली. शीटमधे ओंकार नावाच्या दोन ओळी आहेत. नावावरून शोधलं तर जूनची जुनी ओळ हाताला लागू शकते आणि निर्णय तिच्यावर लिहिला जातो, ऑगस्टची तशीच प्रलंबित राहते. आणि वर्कफ्लोच्या दृष्टीनं सगळं नीट झालेलं असतं, कुठं एरर दिसत नाही. ओळखायची खूण एकच, शीटमधे कायम "प्रलंबित" राहणाऱ्या ओळी वाढत जातात, पण अर्जदार म्हणतात मला मंजुरीचा मेसेज आलाय.

मी असं करतो. ओळ बदलायच्या भानगडीत पडतच नाही. दोन टॅब ठेवतो, "अर्ज" आणि "निर्णय". फॉर्म भरला की लगेच अर्ज टॅबमधे एक ओळ, निर्णय झाला की निर्णय टॅबमधे एक ओळ. दोन्हीकडं वर्कफ्लो कधी सुरू झाला ती वेळ टाकायची, ते व्हेरिएबल स्लॅक स्वतःच देतो आणि एका अर्जाच्या सगळ्या पायऱ्यांमधे ती वेळ तीच राहते. नाव आणि ती वेळ मिळून झाली अर्जाची खूण. मग तिसऱ्या टॅबमधे, "हिशोब" म्हणू, सूत्रानं जुळवायचं: अर्जातली नाव-वेळ जोडी निर्णय टॅबमधे नसली तर बाकी. ह्याचा अजून एक फायदा, कुणी किती वाजता अर्ज केला आणि कुणी निर्णय दिला ते दोन्ही जसंच्या तसं राहतं, वरून काही खोडलं जात नाही.

---

रोहिणी_संभाजीनगर

हे मला नीट कळलं. आता दिवस मोजायचं सांगा. फॉर्ममधे "किती दिवस" असा रकाना ठेवला होता मी, तर लोक रविवार धरून लिहितात, कुणी अर्धा दिवस एक लिहितंय. स्लॅक दोन तारखांमधले दिवस मोजून देत नाही का?

---

मांजराकाठ

फॉर्म भरताना नाही देत. तारखा तो घेतो, वजाबाकी शीटमधे करावी लागते. "किती दिवस" हा रकाना काढून टाका, माणसाला मोजायला लावलं की भांडण ठरलेलं. त्याऐवजी "अर्धा दिवस आहे का" असं हो/नाही ठेवा.

एक उदाहरण घेऊ. तुमच्यात लातूर, धाराशिवकडची पोरं असतीलच, त्यांना वेळ अमावस्येला गावी जायचंच असतं, शेतात पूजा, अंबिल, भज्जी, अख्खं घर तिथं. समजा ती अमावस्या शुक्रवारी आली आणि तुमच्या ऑफिसनं त्या दिवशी सुट्टी दिलीय. ओंकार गुरुवार ते सोमवार अर्ज टाकतो, आणि सोमवारी दुपारपर्यंत येतो म्हणून अर्धा दिवस "हो" निवडतो. कॅलेंडरवर पाच दिवस दिसतात. रविवार गेला, चार. शुक्रवारची ऑफिसची सुट्टी गेली, तीन. सोमवारचा अर्धा गेला, अडीच. म्हणजे त्याच्या खात्यातून अडीच दिवस वळते व्हायला पाहिजेत, पाच नाही. हे हातानं दर अर्जाला करायचं म्हणलं की चूक होणारच.

"सुट्ट्या" नावाच्या टॅबमधे वर्षाच्या सगळ्या सुट्ट्यांच्या तारखा एकाखाली एक लिहा, दुसरा-चौथा शनिवार बंद असेल तर त्या तारखा पण त्यातच. मग हिशोब टॅबमधे हे सूत्र, फक्त सगळ्यात वरच्या एका खान्यात:

```
=MAP('अर्ज'!C2:C, 'अर्ज'!D2:D, 'अर्ज'!E2:E,
  LAMBDA(s, e, h, IF(s="", "",
    NETWORKDAYS.INTL(s, e, 11, 'सुट्ट्या'!A2:A)
    - IF(h="हो", 0.5, 0))))
```

C मधे पासून, D मधे पर्यंत, E मधे अर्धा दिवस. तो 11 म्हणजे आठवड्याची सुट्टी फक्त रविवार. सूत्र अर्ज टॅबमधे लिहू नका, हिशोबातच लिहा. अर्ज टॅबमधे सूत्रं खालपर्यंत पसरलेली असली तर त्या ओळी भरलेल्या समजून नवीन अर्ज पार हजाराव्या ओळीच्या खाली जाऊन बसतो आणि तुम्ही म्हणता स्लॅकनं ओळ टाकलीच नाही.

---

रोहिणी_संभाजीनगर

दादा करून बघितलं, पण `#VALUE!` येऊ लागलंय सगळीकडं.

---

मांजराकाठ

अर्ज टॅबमधे तारखा खान्याच्या डावीकडं चिकटल्यात का उजवीकडं? डावीकडं असल्या तर शीट त्याला तारीख समजत नाहीये, नुसती अक्षरं समजतंय. एखाद्या मोकळ्या खान्यात `=ISNUMBER('अर्ज'!C2)` टाका, FALSE आलं की तेच कारण.

---

रोहिणी_संभाजीनगर

हो हो, डावीकडंच आहेत. FALSE आलं.

---

मांजराकाठ

मग फाइल मेनूतल्या सेटिंग्जमधे जाऊन शीटचं लोकेल काय आहे ते बघा. लोकेलप्रमाणं तारीख कशी वाचायची ते ठरतं, दिवस आधी का महिना आधी. स्लॅककडून ज्या पद्धतीनं तारीख येतीय ती पद्धत त्या लोकेलला कळत नसेल तर अक्षरं म्हणून बसते. लोकेल बदलून नवीन अर्ज टाकून बघा, जुन्या ओळी आपोआप सुधारत नाहीत. एक मात्र लक्षात ठेवा, 5 ऑगस्टचा 8 मे झालेला नाही ना हे पहिल्या दोन-चार अर्जांत डोळ्यानं तपासा, कारण तेव्हा एरर येत नाही, आकडा चुकीचा येतो. तपासायला 12 च्या पुढची तारीख घेऊ नका, ती उलटी वाचताच येत नाही म्हणून चूक दिसत नाही.

---

गोदाकाठचा_हिशोबी

नांदेडहून लिहितोय, मी पगाराची कामं करतो चार-पाच कंपन्यांची. फॉर्मचं तुम्ही चांगलं चाललंय, पण रजेचे प्रकार ड्रॉपडाउनमधे कोणते ठेवलेत? बऱ्याच ठिकाणी बघतो, "पेड" आणि "अनपेड" एवढेच दोन. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 प्रमाणं वर्षाला 8 नैमित्तिक रजा आहेत, त्या तिमाहीप्रमाणं खात्यात पडतात. अर्जित रजा वेगळी, वर्षात 240 दिवस काम झालेल्याला दर 20 दिवसाला 1. ती साठून 45 पर्यंत जाते. आणि सणाच्या 8 पगारी सुट्ट्या, त्यातल्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. आपल्याकडं त्या चारात 17 सप्टेंबर घ्यावा असं माझं मत, मुक्तिसंग्राम दिन आहे, पुण्याच्या क्लायंटला त्याचं काही नसतं आणि ऐन वेळी पोरांना कामावर यावं लागतं.

तेव्हा प्रकार निदान नैमित्तिक, अर्जित आणि बिनपगारी असे तीन पाहिजेत, नाहीतर शिल्लक लागणार कशी.

---

जालनेकर_सच्या

नैमित्तिक उरली तर पुढच्या वर्षी जमा होते ना? आमच्याकडं तसंच धरतात.

---

गोदाकाठचा_हिशोबी

नाही. कायद्यानं नैमित्तिक वर्षाअखेर संपते. पुढं जाते ती अर्जित, ती पण 45 पर्यंत. तुमची कंपनी जास्त देत असेल तर चांगलंच आहे, कायद्यापेक्षा जास्त द्यायला कुणाची ना नाही. पण शीटमधे दोन्हीचे रकाने वेगळे असू द्या.

---

मेघा_परभणी

आणि शिल्लक अर्ज करताना आम्हाला दिसली पाहिजे. मी अर्ज टाकते, नंतर कळतं नैमित्तिक संपलीय, मग पैसे कापले जातात. फॉर्म उघडल्यावर "तुमच्या इतक्या शिल्लक" असं दाखवता येईल का?

---

मांजराकाठ

मी जे करतो त्यात फॉर्म उघडायच्या आधी शिल्लक दाखवत नाही. दोन तडजोडी आहेत. एक म्हणजे महिन्याच्या पहिल्या दिवशी रोहिणीताईंनी प्रत्येकाला त्याची शिल्लक कळवायची. दुसरी म्हणजे मंजुरीवाल्यांच्या चॅनलमधल्या मेसेजात हिशोब टॅबची लिंक कायम ठेवायची, निर्णय देणारा शिल्लक बघूनच निर्णय देईल आणि शेऱ्यात लिहील. अर्जदाराला आधी दिसत नाही ही उणीव राहतेच.

---

रोहिणी_संभाजीनगर

तारखांचं जमलं! लोकेल बदलल्यावर आता उजवीकडं बसायल्यात आणि ओंकारसारखा खोटा अर्ज टाकून बघितला तर बरोबर 2.5 आले. प्रकार पण हिशोबीकाकांनी सांगितले तसे तीन केले.

आता भीती एकच, सर बटण दाबायला विसरतात. अर्ज पडून राहिला तर स्लॅक त्यांना आठवण करतो का?

---

मांजराकाठ

बटणाचा मेसेज तसाच वाट बघत बसतो, आपण सांगितल्याशिवाय कुणाला काही टोचत नाही. म्हणून दुसरा छोटा वर्कफ्लो करा, वेळापत्रकावर चालणारा, रोज सकाळी दहाला `#raja-manjuri` मधे मेसेज टाकेल: "बाकी अर्ज इथे बघा" आणि हिशोब टॅबची लिंक. तो वर्कफ्लो स्वतः आकडा मोजत नाही, नुसती लिंक देतो, पण लिंक उघडली की कोणाचा कधीचा अर्ज पडलाय ते दिसतं. दोन टॅब वेगळे ठेवल्याचा उपयोग इथं होतो बघा. निर्णयानंतरच ओळ टाकली असती तर पडून राहिलेला अर्ज शीटमधे आलाच नसता.

अजून एक, शीटची पायरी जोडताना ज्या गूगल खात्यानं जोडणी केली त्याच्याच हक्कावर ती चालते. तुमच्या वैयक्तिक खात्यानं करू नका. ते खातं बंद झालं किंवा शीटवरचा त्याचा हक्क गेला की ओळी येणं थांबतं. कंपनीच्या कायमच्या खात्यानं जोडा, आणि वर्कफ्लोचा मॅनेजर म्हणून अजून एक माणूस जोडून ठेवा.

---

जालनेकर_सच्या

आमच्याकडं फ्री प्लॅन आहे हो. हे सगळं वाचून करायला बसलो तर वर्कफ्लो बिल्डरच दिसत नाही. काहून?

---

मांजराकाठ

फ्रीमधे तो नाही मिळत, पेड लागतो. मग तुम्ही वर इमोजीवरून दुसरा वर्कफ्लो म्हणत होता तो कुठला?

---

जालनेकर_सच्या

तो आधीच्या कंपनीत होता. इथं नुसत्या टिका लावतात.

---

मांजराकाठ

मग तुम्ही गूगल फॉर्म वापरा, उत्तरं शीटमधे आपोआप येतात, अर्ज केल्याची वेळ पण येते, आणि वरचं दिवसांचं सूत्र जसंच्या तसं चालतं, रकाने तेवढे बघून घ्या. मंजुरी शीटमधे सरांनी हातानं ड्रॉपडाउनमधे निवडायची. अर्जदाराला कळवायचं मात्र वेगळं करावं लागेल. आणि फ्रीमधे नव्वद दिवसाच्या मागचे मेसेज दिसत नाहीत, तेव्हा टिकांच्या भरवशावर वर्षाचा हिशोब लागणार नाही तुमचा.

---

मेघा_परभणी

मंजूर झालेली रजा रद्द करायची असली तर? गावचा कार्यक्रम पुढं ढकलला असं होतंच की.

---

मांजराकाठ

भरलेला फॉर्म परत उघडून बदलता येत नाही. म्हणून "रजा रद्द / बदल" असा तिसरा छोटा वर्कफ्लो लागतो. त्यात मूळ तारखा आणि काय बदल ते, मेसेज त्याच मंजुरीच्या चॅनलमधे, आणि शीटमधे "रद्द" नावाच्या टॅबमधे ओळ. हिशोबात ती वजा करायची. रोहिणीताई, पहिल्या महिन्यात ह्याशिवाय भागेल, रद्दचे अर्ज थोडे असतात, हातानं करा. पण कुणी सरांना तोंडी सांगून रद्द केली तर ती नोंद होत नाही, हा जुनाच आजार परत येईल.

---

रोहिणी_संभाजीनगर

सरांशी बोलले आज. ठरलं असं की सोमवारपासून फॉर्मशिवाय आलेला निरोप रजा म्हणून धरायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी टाकलं तर लीडनं फक्त फॉर्मची लिंक परत पाठवायची, "ओके" म्हणायचं नाही. फॉर्म सगळ्या चॅनलच्या वर बुकमार्कमधे लावलाय.

आजारपणाचं मात्र अडलंय. सर म्हणतात मंजुरी पाहिजे, मी म्हणलं त्याला फक्त कळवणं पुरे, दोन दिवसाच्या पुढं गेलं तर डॉक्टरची चिठ्ठी. ते तयार नाहीत अजून. तुमच्यात कुणाकडं काय पद्धत आहे?

---

गोदाकाठचा_हिशोबी

माझ्याकडच्या दोन कंपन्यांत आजारपणाला मंजुरी नाही, नुसती नोंद. बाकीच्यांत आहे. गैरवापर दोन्हीकडं सारखाच बघितलाय मी.

---

मेघा_परभणी

ड्रॉपडाउनमधे "आजारपण" वेगळं ठेवा आणि तसा अर्ज आला की निर्णय देणाऱ्याच्या फॉर्ममधे मंजूर/नामंजूरऐवजी "नोंद घेतली" असा पर्याय पण असू द्या. सरांना बटण दाबल्याचं समाधान, आम्हाला नामंजूरची भीती नाही.

---

मांजराकाठ

ते करता येईल, ड्रॉपडाउनमधे चौथा पर्याय वाढवायचाय फक्त. पण हिशोब टॅबमधे "मंजूर" एवढंच मोजलं जात असेल तर "नोंद घेतली" वाले दिवस सुटतील, सूत्रात दोन्ही धरा. आणि आजारपणाचे दिवस कोणत्या खात्यातून वळते करायचे, नैमित्तिक का अर्जित, हे आधी ठरवून घ्या, नाहीतर महिनाअखेरीला तोच वाद परत.

---

रोहिणी_संभाजीनगर

ते नाही ठरलेलं अजून. उद्या परत बसते सरांसोबत, चौथा पर्याय तोवर टाकून ठेवते.